मायन्यात आधी कोण?

आमच्या शाळेत २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो. शाळा उर्दू माध्यमाची, पहिली ते आठवी, संस्थेची अनुदानित. कार्यक्रम तासाभराचा असतो. मुलं कविता म्हणतात, एखादं नाटुकलं होतं, पाहुणे दोन शब्द बोलतात. मराठी आणि उर्दू दोन्ही विषय माझ्याकडे असल्यामुळे निमंत्रणाचा मजकूर माझ्याकडेच येतो. मजकूर दहा मिनिटांत होतो. वेळ जातो तो मजकुराच्या वरच्या तीन ओळींवर.

कारण मेल एकच आणि माणसं सात. जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक), पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, संस्थेचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आणि मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना. अध्यक्ष हाजी आहेत, सचिव वकील आहेत, समितीच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या पाचवीतल्या एका मुलीची आई, घरी शिलाईचं काम करतात. या सातांना एका ओळीत उभं करायचं आणि कुणालाही आपण खाली गेलो असं वाटू द्यायचं नाही, हे काम व्याकरणात बसत नाही.

कार्यालयातून माझ्याकडे आलेल्या कच्च्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

मा. हाजी जनाब अध्यक्ष साहेब, मा. शिक्षणाधिकारी साहेब, मा. ॲड. सचिव साहेब, मा. गटशिक्षणाधिकारी साहेब, हजरत मौलाना साहेब, केंद्रप्रमुख सर व पालक प्रतिनिधी यांना सस्नेह निमंत्रण...

लिहिणाऱ्याची नियत साफ होती. ज्यांच्या सहीने पगारबिल जातं ते आधी, जे शाळा तपासायला येतात ते त्यानंतर, आणि ज्यांच्याकडून काही व्हायचं-जायचं नाही ते शेवटी. घरात पानं वाढतानाही आपण असंच करतो. पण हा मसुदा जसाच्या तसा गेला असता तर सातपैकी किमान चार जणांनी तो वाचून फोन बाजूला ठेवला असता, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

पत्रलेखन आपण शाळेत शिकवतो. दहावीच्या पत्रात आता पाठवणाऱ्याचा ईमेलसुद्धा लिहावा लागतो. पण परीक्षेतल्या पत्राला वाचणारा एकच असतो. दुकानाचे व्यवस्थापक किंवा बागेचे अधिकारी. 'प्रति' लिहायचं, खाली 'महोदय' लिहायचं, झालं. एक पत्र अनेकांना आणि तेही लहानमोठ्या हुद्द्याच्या माणसांना जाताना काय करायचं, हे पुस्तकात नाही. गंमत म्हणजे ते आपल्या जुन्या पत्रांत आहे.

शिवकालीन मराठी पत्रांचा मायना ज्यांनी पाहिला असेल त्यांना 'बजानेब' हा शब्द आठवेल. फारसी 'ब-जानिब', म्हणजे अमक्याच्या बाजूस, अमक्याकडे. आजच्या 'प्रति'चं काम तेव्हा हा शब्द करायचा. 'मायना' हा शब्दसुद्धा आपल्या उर्दू 'माना'चा, अरबी 'मअना'चा भाऊ. मला यातली एक पद्धत फार आवडते. परगण्याला जाणारं पत्र बऱ्याचदा एकट्याला नसायचं. ते 'कारकुनानि हाल व इस्तकबाल' यांना असायचं, आणि त्यांच्यानंतर देशमुख, देशपांडे, मोकदम येत. 'हाल व इस्तकबाल' म्हणजे आज त्या जागेवर असलेले आणि उद्या येणारे. एकाच ओळीत तीन गोष्टी उरकल्या. पत्र माणसाला नाही, जागेला आहे. सरकारी नोकर आधी, वतनदार नंतर. आणि एकाच हुद्द्याचे दहा जण असले तरी त्यांना एका अनेकवचनात बसवलं, त्यांच्यात पुढेमागे केलं नाही.

आजच्या मेलला यातली पहिली गोष्ट सगळ्यात जास्त लागू पडते. गटशिक्षणाधिकाऱ्यांचा कार्यालयीन ईमेल हा त्या खुर्चीचा असतो. माणूस बदलून गेला तरी मेल उघडणारा तिथेच असतो. वर नाव लिहिलं आणि साहेबांची बदली आठवड्यापूर्वी झालेली निघाली, तर नवीन साहेबांच्या हातात जुन्या साहेबांच्या नावाचं निमंत्रण पडतं. म्हणून कार्यालयाला जाणाऱ्या मेलमध्ये हुद्दा लिहावा. नाव लिहायचंच असेल तर त्याच दिवशी फोन करून विचारावं.

आता क्रम. लोकांना वाटतं की यासाठी कुठेतरी एक सरकारी यादी असेल, ती पाहिली की झालं. यादी आहे. राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेला मानक्रम आजही दाखल्याला घेतात. राष्ट्रपती पहिल्या क्रमांकावर, खासदार एकविसाव्या. पण त्याच्या टीपांमधली पहिलीच टीप सांगते की हा क्रम राजकीय आणि समारंभाच्या प्रसंगांसाठी आहे, सरकारच्या रोजच्या कामकाजाला तो लागू नाही. आणि आमचे केंद्रप्रमुख, हाजीसाहेब, मौलाना त्या यादीत कुठून असणार? तिथून उचलण्यासारखी गोष्ट दुसऱ्या टीपेत आहे. एकाच क्रमांकात बसणाऱ्यांची नावं वर्णानुक्रमे लिहायची, पण त्यांच्यातली ज्येष्ठता मात्र जो त्या क्रमांकात आधी आला त्याची. म्हणजे कागदावर कोण वर आहे आणि मानाने कोण वर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सरकार स्वतःच मानतं.

त्या मसुद्याचा खरा घोटाळा असा की त्यात एक शिडी नव्हती, तीन होत्या. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख ही सरकारी शिडी. तिथे वर-खाली कोण हे ठरलेलं आहे, वाद नाही. अध्यक्ष, सचिव ही संस्थेची शिडी. तिथेही वाद नाही. मौलाना तिसरीकडे, आणि त्या बाजूला शिडीच नाही, फक्त अदब आहे. वाद सुरू होतो तो या तिन्ही शिड्या एकमेकींना बांधून एक लांब शिडी करायला गेल्यावर. संस्थेचे अध्यक्ष मोठे की शिक्षणाधिकारी? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते दोघं एका शिडीवर कधी नसतातच. मसुद्यात मात्र एक उत्तर दिलं गेलं होतं, आणि तेही लेखी.

मेलमध्ये हे जास्त बोचतं, त्याचं कारण कागदी निमंत्रणापेक्षा वेगळं आहे. कागदी पाकिटं सात असतात. प्रत्येकावर एकेकाचं नाव, प्रत्येकाला वाटतं की आपण पहिले. मेलमध्ये सगळ्यांना सगळं दिसतं. मायनाच नाही, वरच्या 'टू'च्या चौकटीतले पत्तेसुद्धा ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने समोर येतात. मजकुरात शिक्षणाधिकारी पहिले आणि पत्त्यांत आधी हाजीसाहेब, असं झालं तर बारकाईने वाचणाऱ्याला दोन क्रम दिसतात, आणि तो दुसराच खरा धरतो. म्हणून मजकुरातला क्रम ठरला की पत्ते त्याच क्रमाने भरायचे. पत्ते भरून झाल्यावर आठवलेला माणूस शेवटी चिकटवायचा नाही; सगळे पुसून पुन्हा भरायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट फोनवर मेल वाचणाऱ्यांना माहीत आहे. मेल उघडण्याआधी विषय आणि मजकुराची पहिली ओळ तेवढी दिसते. त्या ओळीत सात जणांचे 'मा.' आणि 'साहेब' भरले की निमंत्रण कशाचं, किती वाजता, काहीच दिसत नाही. दिसतात फक्त पहिले दोघं. बाकीच्या पाचांना मेल उघडायच्या आधीच कळतं की आधी कोण.

आपल्या सरकारी पत्राचा जुना साचा इथे उपयोगी पडतो, आणि त्याला उगीच कोरडा म्हणतात असं माझं मत झालं आहे. 'प्रति'खाली हुद्दे एकाखाली एक, क्रमांक देऊन. मग विषय. मग एकच शब्द, 'महोदय / महोदया'. क्रम यादीत राहतो, संबोधन सगळ्यांना सारखं. यादीत चौथा असलेला माणूसही 'महोदय' वाचताना पहिलाच असतो. मेल लिहिणाऱ्यांनी 'प्रति'ची यादी जुनाट म्हणून काढून टाकली आणि सगळा भार संबोधनावर टाकला, तिथून ही ओढाताण सुरू झाली.

त्या साच्यात प्रतींचीही एक भाषा आहे. वरच्या अधिकाऱ्याला प्रत जाते तेव्हा 'माहितीसाठी सविनय सादर' असं लिहितात. खालच्याला जाते तेव्हा 'माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी'. एका शब्दाने दिशा कळते. ईमेलच्या 'सीसी'ला दिशा नाही, तिथे साहेब आणि शिपाई एकाच चौकटीत. म्हणून मेलच्या शेवटी ही ओळ हाताने लिहावी लागते. आणि जिथे काही मागायचं आहे, नुसतं बोलवायचं नाही, तिथे 'टू'मध्ये ज्याने काम करायचं तो एकटाच असावा. पाठ्यपुस्तकं कमी पडली आणि मेल तिघांना गेला, तर केंद्रप्रमुख म्हणतात वरती गेलंय, वरचे म्हणतात केंद्रप्रमुख बघतील. त्यात शिक्षक थेट जिल्ह्याला लिहीत असेल तर 'मार्फत' कुठे आहे हा प्रश्न वेगळा. मुख्याध्यापकांच्या मार्फत न जाता वरच्या साहेबांचं नाव आधी आलं, तर ज्यांना ओलांडून गेलो तेच आपलं काम करणार असतात.

पण आमचं निमंत्रण होतं. तिथे सगळ्यांनाच मान द्यायचा असतो.

मोठ्या मॅडम आणि मी मसुदा घेऊन बसलो. त्यांनी आधी विचारलं, "हाजीसाहेबांना खाली घेतलं तर चालेल का?" मी म्हटलं, "खाली नाही, त्यांना यादीतूनच काढू." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, हाजीसाहेब पाहुणे आहेत का? कार्यक्रम तर त्यांच्याच घरचा आहे."

लग्नाची पत्रिका आठवा. मुलीच्या वडिलांचं नाव 'प्रति'मध्ये नसतं. ते असतं खाली, निमंत्रक म्हणून. आपल्या उर्दू रुक्क्यांतही 'अद-दाई' खालीच असतो, बोलावणारा. आपल्याकडे घरच्या वडीलधाऱ्याचा मान यादीत पहिलं येण्यात नसून त्याच्या नावाने बोलावणं जाण्यात आहे. पाहुणे आधी, घरचे मागून. हा एक नियम लावला की संस्थेची अख्खी शिडी 'प्रति'मधून उतरून सहीच्या जागी येते, आणि शिक्षणाधिकारी मोठे की अध्यक्ष हा प्रश्नच उरत नाही. अध्यक्ष, सचिव हे निमंत्रक. त्यांना मेलची प्रत जातेच. पण ती निमंत्रण म्हणून जात नाही, त्यांच्या नावाने गेलेल्या पत्राची प्रत म्हणून जाते.

मॅडमना हे पटलं. पण त्यांनी लगेच दुसरा धागा ओढला. "मग शाळा व्यवस्थापन समिती पण घरचीच ना?"

घरचीच. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती आली, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. आमच्या समितीच्या अध्यक्ष पालकांमधून निवडून आलेल्या. बैठकीला येतात, सही करतात, आणि पोषण आहाराच्या तांदळाबद्दल असा एखादा प्रश्न विचारतात की सगळे गप्प होतात. पण मसुद्यात त्या होत्या 'पालक प्रतिनिधी', शेवटी, 'व' नंतर, 'मा.' शिवाय. बाकी सहांना 'मा.' नाहीतर 'हजरत' नाहीतर निदान 'सर' मिळालं होतं. यादीतला क्रम एक वेळ लक्षात येत नाही. एकाच्याच नावापुढचा 'मा.' गायब असला तर तो मात्र सगळ्यांना दिसतो, आणि ज्याचा गायब आहे त्याला आधी दिसतो. 'मा.' द्यायचा तर सगळ्यांना द्यावा, नाहीतर कुणालाच देऊ नये. तिसरा रस्ता नाही.

त्या घरच्या ठरल्या म्हणजे त्यांचंही नाव निमंत्रकांत येतं. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. हाजीसाहेबांच्या आणि वकीलसाहेबांच्या ओळीत. हे काही त्यांना खूश करण्यासाठी केलेलं नव्हतं. नियम लावला तर तो पूर्ण लावावा लागतो, एवढंच.

पदव्यांचा गुंता मात्र क्रमापेक्षा जास्त आहे, आणि तो आपल्या लोकांचा खास आहे. 'मा. हाजी जनाब अमुक साहेब' यात चार मान एकावर एक चढवले आहेत. 'जनाब' आणि 'श्री.' एकच काम करतात, 'साहेब' तेच काम मागून करतो. पुढून एक, मागून एक, याहून जास्त झाले की वाचणाऱ्याला खालचा माणूसच दिसत नाही. उर्दूत पत्राच्या या भागाला अलकाब व आदाब म्हणतात. पूर्वी त्यांच्या ओळीच्या ओळी असत. गालिबने आपल्या उर्दू पत्रांतून त्या छाटल्या आणि कधी 'मियाँ', कधी 'भाई' म्हणून थेट बोलायला सुरुवात केली. ती पत्रं १८६८ आणि १८६९ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि आजही उर्दू गद्याचा अभ्यास त्यांच्याशिवाय होत नाही. पण गालिब एका वेळी एकाशी बोलत होता. सात जणांच्या मेलमध्ये एकाला 'मियाँ' म्हटलं तर उरलेले सहा विचारतील, आम्ही कोण?

यात एक गोष्ट मला खरोखर खुपते, म्हणून लिहितो. मिश्र यादीत बऱ्याचदा असं असतं: श्री. देशमुख, श्री. वानखेडे, श्रीमती मेश्राम, जनाब शेख. लिहिणाऱ्याने आदराने लिहिलेलं असतं, त्याला वाटतं 'जनाब' म्हटलं की शेखसाहेबांना बरं वाटेल. पण त्या एका शब्दाने शेख वेगळ्या रांगेत उभे राहतात. ते विस्तार अधिकारी म्हणून तिथे आहेत, शेख म्हणून नाहीत. आपल्या लोकांचीही उलटी चूक असते. उर्दू शाळेच्या मेलमध्ये सगळे 'जनाब' आणि 'मोहतरमा', आणि मध्येच एक 'श्री. वानखेडे'. ज्या भाषेत मेल आहे त्या भाषेचा मान सगळ्यांना, हे सरळ. मराठी मेल असेल तर शेखही 'श्री.' आणि उर्दू असेल तर वानखेडेही 'जनाब'. बायकांना मराठीत 'श्रीमती', लग्न झालेलं असो-नसो. 'सौ.' आणि 'कु.' कार्यालयीन मेलमध्ये आणण्याचं कारण नाही, तिथे कुणाच्या घराची चौकशी चाललेली नसते.

'हाजी' आणि 'मौलाना' मात्र वेगळे. 'डॉ.', 'ॲड.' यांसारखेच ते माणसाच्या नावाला लागतात, हुद्द्याला लागत नाहीत. यादी हुद्द्यांची असेल तर कुणाचीच पदवी येत नाही, डॉक्टरांचीही नाही. नावांची असेल तर प्रत्येकाची एक येते. हाजीसाहेबांची 'हाजी' ठेवायची आणि गटशिक्षणाधिकारी मॅडमची पीएचडी गाळायची, किंवा उलट, हे चालत नाही.

दिलेली पदवी तिसऱ्याच्या वाचनात येते तेव्हा काय होतं, याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या जिल्ह्याला लागतो. १९४४ च्या वाटाघाटींत गांधीजी जिनांना पत्रात 'कायदे-आझम' लिहीत होते, आणि जिना उत्तरात 'मिस्टर गांधी'. मौलाना आझादांना हे मुळीच आवडलं नाही. 'इंडिया विन्स फ्रीडम' या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलं आहे की ही पदवी रूढ करण्यात गांधीजींचाच हात होता, आणि उर्दू वर्तमानपत्रं जिनांना कायदे-आझम म्हणतात हे त्यांना अमतुस्सलाम यांनी सांगितलं होतं. अमतुस्सलाम म्हणजे पटियाळ्याकडच्या, सेवाग्राम आश्रमात गांधीजींजवळ राहिलेल्या. गांधीजींना समोरच्याला त्याच्या माणसांत जे म्हणतात ते म्हणावं एवढंच वाटलं असेल. आझादांची तक्रार अशी की ते पत्र एकटे जिना वाचणार नव्हते, देशातले मुसलमान वाचणार होते. दोघांपैकी बरोबर कोण यावर आपल्या घरांत अजून वाद होतो. पण आझादांनी पकडलेली जागा मला शिक्षक म्हणून पटते. पत्रातल्या पदवीचा खरा वाचक ज्याला ती दिली तो नसतो, शेजारचा असतो.

आता बरोबरीच्यांचं. एकाच हुद्द्याचे दोन-तीन जण असले, समजा आजूबाजूच्या तीन केंद्रांचे केंद्रप्रमुख, तर वर्णानुक्रम लावा असं कुणीही सांगेल. पण आपल्या नावांना वर्णानुक्रम नीट बसत नाही. विदर्भात नाव लिहितात 'शेख अमुक शेख तमुक'. बापाचं नाव धरून शेख दोनदा. आडनाव कोणतं, नाव कोणतं, हे यादी करणाऱ्याला कळत नाही. एका यादीत तोच माणूस 'अ'मध्ये, दुसरीत 'श'मध्ये. आडनावाने लावलं तर शेख, सय्यद, हुसेन हे सगळे मराठी मुळाक्षरांच्या शेपटाला. दर यादीत आपण शेवटी, आणि कारण विचारलं तर म्हणे वर्णानुक्रम. त्यात जागा वाचवायला 'शे.' आणि 'मो.' करतात. 'मो.' पाहून एका नवीन लिपिकाने पुढे मोबाइल नंबर शोधला होता. बरोबरीच्यांना माणसाच्या नावाने न लावता ठिकाणाच्या नावाने लावावं. आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट. गावांच्या क्रमात कुणाच्या अब्बांचं नाव मध्ये येत नाही, आणि बदली झाली तरी यादी तीच राहते.

मौलाना उरले. त्यांना सरकारी हुद्द्यांच्या यादीत चौथं लिहिलं तर त्यांचा मान जातो, पहिलं लिहिलं तर साहेब विचारात पडतात की हा मराठी दिन आहे की जलसा. ते ना साहेब, ना घरचे. आणि मेल ते क्वचितच पाहतात. त्यांना निमंत्रण द्यायला असरनंतर मी स्वतः गेलो. सोबत छापील कागद होता, वर फक्त त्यांचं नाव. मेल सगळ्यांसाठी असला म्हणजे सगळे मेलमध्येच असले पाहिजेत असं नाही. ज्याच्यासाठी यादीत जागा सापडत नाही, त्याच्या घरापर्यंत जाणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

शेवटी जो मेल गेला तो असा होता:

प्रति,
१) मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, वर्धा
२) मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती
३) मा. केंद्रप्रमुख

विषय : मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजता, कार्यक्रमाचे निमंत्रण

महोदय / महोदया,

मग चार ओळींचा मजकूर. खाली निमंत्रक : अध्यक्ष व सचिव, शिक्षण संस्था, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापिका. सगळ्यांत खाली, प्रत : सर्व निमंत्रक, माहितीसाठी सविनय सादर.

विषयातच वेळ टाकली, म्हणजे फोनवर न उघडताही कळावी. 'अस्सलामु अलैकुम' लिहायचं की 'नमस्कार' यावर मॅडम आणि मी थोडं थांबलो, आणि 'महोदय / महोदया' असताना दोन्हीची गरज नाही असं ठरलं. सलाम भेटल्यावर करता येतोच.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांचा मुलीजवळ निरोप आला. मेल त्यांच्या मोठ्या मुलाच्या फोनवर येतो, त्याने वाचून दाखवला होता. निरोप असा होता की कार्यक्रमाला त्या साडेदहालाच येतील, पाहुण्यांना दारात घ्यायला कुणीतरी घरचं पाहिजे.